लिफ्टसाठी निबंधकांना तक्रार

थोरल्या मुलाला जुळी झाली, त्याच वर्षी आमच्या सेक्रेटरीने सोसायटीची निवडणूक उरकली. उरकली म्हणजे काय, तर मुदत संपल्यावर गच्चीवर चौघांना चहा पाजला आणि जुनीच कमिटी बिनविरोध निवडून आल्याचा कागद जिन्यात चिकटवला. ना नोटीस, ना उमेदवारी अर्ज, ना निवडणूक अधिकारी. पहिलाच ठराव झाला, खर्च परवडत नाही म्हणून लिफ्ट बंद. सेक्रेटरी तळमजल्यावर राहतो. आम्ही चौथ्यावर, आणि बायकोच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले. तिचं खाली उतरणंच थांबलं.

मी पन्नाशी उलटल्यावर लिहायला शिकलो, तेही बायकोकडून. त्यामुळे लिहायची संधी मी सोडत नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांना ऐसपैस पत्र लिहिलं. सेक्रेटरीचा मेहुणा सभासद नसताना कमिटीवर कसा, असा जाबही विचारला.

बायकोने वाचलं. ‘अहो, लोकशाहीचा मुडदा एकदाच पाडा. दर पानावर कशाला?’

कार्यालयात कारकुनाने ते शांतपणे वाचलं.

‘काका, तुम्ही सभासद?’

‘सोसायटी झाली तेव्हापासून राहतोय.’

‘राहणं वेगळं. भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, कुणाच्या नावावर आहे?’

घर बायकोने शिवणकामाच्या कमाईतून घेतलेलं. दाखल्यावर तिचं एकटीचं नाव.

‘म्हणजे तुम्ही आणि तो मेहुणा एकाच माळेचे मणी,’ कारकून म्हणाला. ‘तक्रार काकूंच्या सहीने आणा.’

घरी बायको म्हणाली, ‘मला वाटलंच होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘इतक्या हौसेने लिहीत होतात. मोडवेना.’

तिने अर्ध्या पानात सगळं बसवलं. मुडदा एकही नाही.

सुनावणीला ती प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून बसत उतरली. खुर्ची मीच वाहिली. तेवढा अधिकार मला होता. साहेबांनी सेक्रेटरीकडे नोटीस आणि उमेदवारी अर्ज मागितले. त्याने गच्चीवरच्या चहाचे फोटो पुढे केले. साहेब म्हणाले, ‘यात निवडणूक कुठाय?’

मुदत संपलेली, रीतसर निवडणूक झालेलीच नाही, म्हणून कारभार साहेबांनी नेमलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे गेला. त्यांनी आधी लिफ्ट चालू केली, मग निवडणूक लावली. बायको उभी राहिली. मतदानाच्या दिवशी मी ऐटीत रांगेत शिरलो, तर अधिकाऱ्यांनी यादी पाहून मला बाहेर काढलं.

‘काकू, हे तुमचे कोण?’

‘घरात राहतात,’ ती म्हणाली.

ती निवडून आली. लिफ्टने खाली जाऊन फाटकापाशी बायकांबरोबर बसायची, संध्याकाळी सावकाश वर यायची. मी चहा टाकून वाट पाहायचो.

कमिटीची मुदत संपायच्या आधी, मार्च महिन्यात, माझी बायको वारली.