प्रेशर गेजच्या चुकीचं उत्तर

ऑडिटमधल्या चुकीला उत्तर लिहायची नगरच्या एमआयडीसीत एक ठरलेली रीत आहे. मूळ कारण काय, तर कामगाराचं दुर्लक्ष. उपाय काय, तर कामगाराला समज दिली. मशीन बिघडो, पत्रा वाकडा येवो, वड्याचं तेल वांग्यावर निघतं आणि वांगं बिचारं सही करतं.

दानीएल गायकवाड व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होता, आणि त्यानंही तेच लिहिलं. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून दाब देतात आणि गळतोय का ते बघतात. त्या तपासणीच्या बेंचवर दाब दाखवणारं प्रेशर गेज होतं, आणि त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे काटा खरा दाखवतो का ते लॅबकडून तपासून घ्यायची, तारीख उलटून गेली होती. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटर आराधना मॅडमनी गेजवरचं तारखेचं स्टिकर वाचलं आणि जागेवरच चूक नोंदवली. दानीएलनं गेज उतरवलं, लॅबला पाठवलं, दुसरं बसवलं. इथवर सगळं रीतसर झालं. मग त्यानं मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘ऑपरेटरने स्टिकर तपासले नाही.’

ऑपरेटर म्हणजे कोल्हारचे कानिफनाथ खर्डे. या माणसानं स्टिकर तर तपासलं होतंच, वर दानीएलच्या टेबलापाशी येऊन सांगितलंही होतं. “साहेब, गेजची तारीख गेली. बेंच थांबवू का?” जादा गेज नव्हतं आणि महिनाअखेरचा माल निघायचा होता. दानीएल मान वर न करता म्हणाला होता, “चालू द्या भाऊ, माल जाऊ द्या आधी.”

आता समज दिल्याचा कागद त्यानं कानिफनाथांपुढं ठेवला. त्यांनी तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून पुरता वाचला. दानीएल खिडकीबाहेर बघत राहिला.

“असंच लिवायचं असतंय का?” त्यांनी विचारलं.

“असंच असतं भाऊ. कागदापुरतं.”

“बरं,” म्हणून त्यांनी सही केली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर दानीएलला बरं वाटलं असतं. त्या रविवारी चर्चमध्ये सगळे एका सुरात पापांची कबुली म्हणत होते, तेव्हा दानीएलला ती म्हणवेना. शेजारून बायकोनं, फिलोमिनानं कोपर मारलं, तरी तो प्रार्थनेचं पुस्तक चाळत राहिला.

पुढच्या आठवड्यात लॅबचा रिपोर्ट आला. गेज खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवत होतं, आणि फरक चालतो त्याच्या पलीकडचा होता. म्हणजे काट्यावर दाब पुरा दिसत होता, पण व्हॉल्व्हला मिळत होता कमी. तारीख उलटल्यावर तपासलेला सगळा माल संशयात आला, आणि त्यातला बराचसा गिऱ्हाइकाकडं पोचलाही होता. दानीएलनं रिपोर्ट लगेच पाठवला आणि गोडाऊनमधला माल अडवून ठेवला. तेवढं तरी त्यानं लपवलं नाही.

मॅडमचा फोन आला. “तुमचं उत्तर मी परत पाठवतेय. जो ऑपरेटर स्टिकर बघत नाही, त्यानं तपासलेल्या कुठल्याच मालावर मी भरवसा कसा ठेवू? त्यांना टेस्टिंगवरून काढा, तरच पुढं बोलू.”

टेस्टिंगवरून काढायचं म्हणजे कानिफनाथांना माल उचलायला लावायचं. या वयात, पाठीचं दुखणं असताना. स्वतःची इतकी किळस दानीएलला कधी आली नव्हती.

“मॅडम, त्यांनी स्टिकर बघितलं होतं,” तो म्हणाला. “मला सांगितलं होतं. चालू ठेवा म्हणणारा मी. खोटं मी लिहिलं.”

“मग ते लिहा,” मॅडम म्हणाल्या, “आणि परत घडणार नाही ते कशावरून, तेही लिहा.”

त्यानं तसं लिहिलं. जादा गेज नव्हतं, आणि तारीख उलटूनही बेंच चालू ठेवणं एका माणसाच्या शब्दावर होतं. म्हणून इथून पुढं कॅलिब्रेट केलेलं दुसरं गेज कायम तयार राहील. तारीख यायच्या महिनाभर आधी गेज लॅबला जाईल. तारीख उलटली की ऑपरेटर बेंचला कुलूप लावेल आणि ते उघडायला सांगायचा अधिकार क्वालिटी प्रमुखालाही नसेल. गेलेला माल गिऱ्हाइकाच्या आवारात जाऊन दानीएल स्वतः पुन्हा तपासून देईल. समज दिल्याचा कागद रद्द केल्याचंही त्यानं लिहिलं. मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून काय काय ऐकवलं ते इथं सांगण्याजोगं नाही.

मग कुलपाची किल्ली घेऊन तो बेंचपाशी गेला.

“ही तुमच्याकडं राहील. मी जरी म्हणालो चालू ठेवा, तरी ऐकायचं नाही.”

कानिफनाथांनी किल्ली घेतली आणि खाली मान घातली.

“तवाच ऐकाया नको हुतं साहेब,” ते म्हणाले. “माज्यामुळं तुमाला लई बोलनी खावी लागली.”

दानीएलला त्यांच्याकडं बघवेना.