पहिला निरोप वाचणारा चष्मा

मित्रांनो, जेलरोडच्या एका कॉलनीत टीव्हीखाली एक ड्रॉवर आहे. त्यात संपलेले सेल आहेत, अर्धी मेणबत्ती आहे आणि डाव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला एक जुना चष्मा आहे. तो चष्मा मी.

माझ्या काचा गोदावरीच्या वाळूपासून झाल्या आणि वाळू वितळताना तिच्यात एक मासा राहून गेला, म्हणून पावसाळ्यात मला आपोआप पाणी सुटते, असे मी इथे सगळ्यांना सांगितले आहे. सेलांना ते पटते. तुम्ही शिकलेली मुले, तुम्हाला खरे सांगतो. माझ्या काचा प्लॅस्टिकच्या आहेत. मेनरोडच्या एका दुकानात मी आरशासमोर लटकत होतो. मल्हारी पगारे नावाच्या कारकुनाने मला नाकावर ठेवले, आरशात पाहिले आणि म्हटले, "साहेबासारखा दिसतो की मी." बायको शकुबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चष्मा दिसतोय साहेबासारखा. तुम्ही हाय तसेच हाय."

तेव्हापासून मी त्या नाकावर राहिलो. सरकारी कचेरीतल्या फायली मी वाचल्या. मल्हाररावांच्या सहीचा मोठा मान होता, पण सही कुठे करायची ते मीच दाखवत असे. एकदा गच्चीवरून मला कावळ्याने उचलून नेले. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून, मला डोळ्यांना लावून त्याने अख्खा पेपर वाचला. बातम्या वाचून त्याला घास गिळेना, म्हणून मला तिथेच टाकून तो उडून गेला. मल्हारराव म्हणतात, चष्मा मीच टाकीवर विसरलो होतो. कोणाचे ऐकायचे ते तुम्ही ठरवा. पुढे जे सांगणार आहे त्यात मात्र एक शब्दही माझ्या पदरचा नाही. पदरचा घालता आला असता, तर मी शेवट वेगळा केला असता.

मल्हारराव निवृत्त झाले आणि माझे हाल सुरू झाले. ते मला शर्टाच्या टोकाने पुसत. पेपरवर काचा खाली करून ठेवत. चहाच्या कपाने कधी चटका दिला, कधी उशीखाली रात्र काढायला लावली. उजव्या काचेवर ओरखड्यांचे जाळे झाले. डोळ्यांचा नंबरही बदलला होता. शकुबाई म्हणत, "अहो, नवा करा की चष्मा." ते म्हणत, "दिसतंय मला. मोठं मोठं सगळं दिसतंय."

मोठे मोठे दिसत होते, हे खरे आहे.

त्यांचा मुलगा रवी सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. तेहतिशी उलटली तरी त्याचे लग्न ठरत नव्हते. स्थळे येत, तो फोटो पाहून मोबाईल उलटा ठेवी. मग समाजाच्या वधू-वर मेळाव्यात त्याने सृष्टीला बोलताना ऐकले. ती नांदगावची, शाळेत शिकवणारी. स्टेजवर माईक बिघडला, तेव्हा बाकीच्या मुली खाली उतरल्या. ती मात्र माईकशिवायच शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे बोलली. त्या दिवशी घरी येऊन रवीने जेवताना एवढेच म्हटले, "पप्पा, तिथे विचारून बघा." मित्रांनो, त्या घरात हे वाक्य किती वर्षांनी बोलले गेले, ते शकुबाईंची पोळी तव्यावर करपली त्यावरून समजा.

दोन्ही घरे ओळखणाऱ्या चांगुणाबाई विहारातल्या महिला मंडळात होत्या. त्यांनी मुलीच्या वडिलांचा नंबर दिला आणि रीतही समजावली. "मी तिकडे कानावर घातलंय. पण पयला निरोप मुलाच्या बापानेच टाकायचा. फोन करू नका एकदम. फोनवर माणसाला नाय म्हणायला जड जातं. लिहून टाका, त्यांना घरात बसून बोलू द्या. फोटो आन् माहिती सोबत जोडा. मग वाट बघा."

मल्हाररावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो निरोप लिहायला घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेला माणूस आता स्वतःचा अर्ज लिहीत होता. एक ओळ लिहावी, खोडावी, मला काढून डोळे चोळावेत, पुन्हा लिहावे.

शकुबाई म्हणाल्या, "लिहा की, मुलगी पाहायला येतो म्हणून. सगळे असंच लिहितात."

"पाहायला नाही. भेटायला. ती काय फ्लॅट आहे का, पाहायला यायला?"

"आन् मुलीच्या बापाचं नाव?"

"नाव नाही घालायचं. ते मुलीकडचे, आपल्याला मोठे. मोठ्या माणसाला नावाने हाक मारतात का? आणि पोरीचं नाव तर मुळीच नको. मोबाईलचा मजकूर कुठे कुठे जातो. लग्न ठरायच्या आत लेकीचं नाव परक्या फोनांमध्ये का फिरावं?"

हा त्यांचा संस्कार होता. तो मी ओरखड्यांमधूनही स्वच्छ पाहिला. शेवटी मजकूर असा झाला:

"आदरणीय दादासाहेब, सविनय जय भीम. मी मल्हारी पगारे, निवृत्त कारकून, राहणार जेलरोड, नाशिक. मूळ गाव कळवण तालुक्यात. आपला नंबर चांगुणाबाईंनी दिला. माझा मुलगा रवी, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, सातपूर येथे सुपरवायझर. त्याचा परिचय आणि फोटो सोबत पाठवत आहे. आपल्या सुकन्येसाठी हे स्थळ आपण विचारात घ्यावे, ही नम्र विनंती. आम्ही पत्रिका पाहत नाही. देण्याघेण्याची कोणतीही अपेक्षा नाही. आपल्या घरी विचारविनिमय होऊन योग्य वाटल्यास, आपल्या सोयीच्या रविवारी आम्ही घरचे तिघे फक्त चहासाठी भेटायला येऊ. मुलांनाही एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येईल. स्थळ पसंत नसल्यास निःसंकोच कळवावे, आम्हाला वाईट वाटणार नाही."

शेवटचे वाक्य वाचून शकुबाई म्हणाल्या, "वाईट वाटणार नाय म्हणे." मल्हारराव म्हणाले, "तसं लिहायची पद्धत असते."

आता हा मजकूर मोबाईलवर चढवायचा होता. मल्हाररावांचे बोट जाड, माझी काच अंधूक. जोडाक्षर लिहायला जावे तर तिसरेच काही उमटे. म्हणून पुतणी अंजलीला बोलावले. तिने कॅलेंडर समोर धरून सगळे टाइप केले आणि मल्हाररावांच्या मोबाईलवर पाठवून दिले. जाताना म्हणाली, "काका, हे कॉपी करून तिकडे पेस्ट करा हं."

कॉपी, पेस्ट ही त्यांना दोन कामे वाटली. फॉरवर्ड एकच. रोज सकाळचे सुविचार ते असेच पाठवत. रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मला शर्टाच्या टोकाने पुसून ते खुर्चीत बसले. मजकूर दाबून धरला, बाण दाबला, मुलीच्या वडिलांचा नंबर निवडला. मागोमाग फोटो आणि परिचय पाठवला. मग मला नाकावर घट्ट बसवून पाठवलेला निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एक काना चुकला नव्हता.

मजकुराच्या डोक्यावर मात्र मुंगीएवढ्या फिकट राखाडी अक्षरांत एक ओळ आपोआप उमटली होती. 'फॉरवर्ड केलेले.' ती बरोबर माझ्या ओरखड्यांच्या जाळ्यामागे होती.

दुपारपर्यंत निळ्या खुणा आल्या. "वाचला," मल्हारराव म्हणाले. शकुबाईंनी फरसाणाचा डबा घासून ठेवला. रवीने विचारले नाही, पण त्या आठवड्यात तो कामावरून लवकर येऊ लागला. आल्यावर आधी पप्पांच्या चेहऱ्याकडे पाही. मग बूट काढी.

उत्तर आले नाही. पुन्हा विचारणे रीतीत बसत नव्हते. मुलीकडच्यांना वेळ द्यायचा असतो. मल्हारराव दिवसातून कितीदा तरी मला लावत, मोबाईल उघडत आणि तो निरोप वाचत. कुठे काही कमी-जास्त लिहिले गेले का, ते शोधत. शोधायचे जे होते ते समोरच होते, मित्रांनो. पण मला तोंड नाही. कावळ्याच्या गोष्टी सांगणारा मी, त्या वेळी दोन शब्द सांगू शकलो नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात चांगुणाबाई भेटल्या. त्यांनी मल्हाररावांना चपलांपाशीच थांबवले.

"भाऊ, तुम्ही असं कसं केलं?"

"काय केलं?"

"गावभर फिरलेला निरोप पाठवला म्हणे. वरती फॉरवर्ड लिहिलेलं. ना त्यांचं नाव, ना पोरीचं. पोरीचे वडील कुंदनभाऊ म्हणाले, दहा घरी हाच कागद वाटला असंल, आपण अकरावे. पोरीने पण वाचला. ती म्हणाली, ज्यांना माझं नावसुदीक लिहावं वाटलं नाय, त्यांच्याकडे कशाला."

मल्हाररावांनी मला काढले, शर्टाने पुसले, पुन्हा लावले. मग म्हणाले, "मान म्हणून नाव नव्हतं लिहिलं, बाई."

"मला कळतंय, भाऊ. त्यांना कागदच दिसला ना. तुम्ही कुठं दिसलात."

तिथून ते घरी आले नाहीत. थेट मेनरोडला गेले आणि नवा चष्मा करायला टाकला. तो तयार होऊन आला त्या सकाळी मला टेबलावर ठेवून त्यांनी त्याला लावले आणि मोबाईल उघडला. फार वेळ ते वरच्याच एका ओळीकडे पाहत राहिले.

मग त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. जाड बोटाने, एकेक अक्षर, स्वतः लिहिले. "आदरणीय कुंदनराव, जय भीम. तो मजकूर माझा स्वतःचा होता. पुतणीने लिहून दिला, मी पुढे पाठवला. दुसऱ्या कोणत्याही घरी गेलेला नाही. सृष्टीताईचे नाव आदरपोटी घातले नव्हते. त्यांना दुःख झाले, त्याबद्दल क्षमा असावी." आदरापोटी या शब्दात एक काना राहिला होता. तो त्यांनी तसाच राहू दिला.

या वेळी उत्तर लगेच आले. "जय भीम. आधी कळले असते तर बरे झाले असते. मागच्या रविवारी मुलीची सुपारी फुटली. मुलगा नांदगावचाच आहे. रवीला आमच्या शुभेच्छा."

रवी कामावरून आला, पप्पांचा चेहरा पाहिला आणि बूट काढायला खाली वाकला. लेस सोडता सोडता म्हणाला, "राहू द्या पप्पा." एवढेच. फरसाणाचा डबा शकुबाईंनी पुन्हा वरच्या फळीवर ठेवला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा चष्मा एकदा हातात घ्या. उजेडाकडे धरून पाहा. मऊ फडक्याने पुसा, ओरखडे असतील तर बदलून आणा. आणि ते एखादा निरोप पाठवत असतील, तर शेजारी थोडा वेळ बसा.

मला वाटले होते की आता माझे काम संपले. पण एखाद्या दुपारी, घरात कोणी नसताना, मल्हारराव हा ड्रॉवर उघडतात. नवा चष्मा काढून ठेवतात. मला लावून तो पहिला निरोप काढतात आणि आदरणीय दादासाहेबपासून वाचू लागतात. माझ्या काचेतून वरची ती ओळ अजूनही दिसत नाही.