जॉइनिंग पुढे गेलंय

एका डिझायनरचा राजीनामा देऊन झाला होता, ऑफिसात निरोपाची भाषणंही उरकली होती. तेवढ्यात नव्या कंपनीच्या रिक्रूटरबाईंचा ईमेल आला: "आनंदाची बातमी! तुम्हाला थोडी जास्त विश्रांती मिळणार आहे. जॉइनिंग पुढे गेलंय."

डिझायनरने रागाच्या भरात लांबलचक उत्तर खरडलं. बायकोने त्यातले टोमणे काढून टाकले, तेव्हा एवढंच उरलं: "तुमच्या लेखी ऑफरवर विसंबून मी राजीनामा दिला आहे. ऑफर कायम आहे का? नवी तारीख कोणती? शुक्रवारपर्यंत लेखी कळवा, नाहीतर मी दुसरीकडे बघेन."

"आणि ऑफिसात नोटिशीची मुदत वाढवून मिळते का, तेही साहेबांना विचार," बायको म्हणाली.

साहेबांनी नोटीस महिनाभर वाढवली. "भाषण मात्र पुन्हा करणार नाही हं," ते म्हणाले.

शुक्रवारी रिक्रूटरबाईंचा फोन आला. "तारीख अजून वरून आलेली नाही," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण तुमचं पत्र फार छान जमलंय. मी वापरू का? मीही इथून राजीनामा दिलाय आणि माझंही जॉइनिंग पुढे गेलंय."

"खुशाल वापरा," तो म्हणाला आणि राजीनामाच मागे घेता येईल का, हे विचारायला साहेबांच्या केबिनकडे निघाला.