पंचवीस पिनांची यादी

प्रफुल्लच्या दुकानाच्या पाटीवर मोबाईल, लॅपटॉप, सीसीटीव्ही, झेरॉक्स आणि पाण्याची मोटर असं सगळं लिहिलेलं होतं. साकोलीच्या बसस्टँडसमोर नुसत्या एका धंद्यावर कोणाचं भागत नाही. पण कोणी वीस किलोचा कंप्युटर सायकल रिक्षावर घालून आणील आणि सोबत शहात्तर वर्षांची म्हातारी येईल, हे पाटीवर कुठेच नव्हतं.

"जय भीम, बाबू. हे दादाजीचं मशीन होय. याच्यात आमची यादी आहे."

म्हातारीचं नाव सुमनबाई. यादीचं प्रफुल्लने लहानपणापासून ऐकलं होतं. छप्पन साली दीक्षा घ्यायला आजूबाजूच्या बारा गावांतून कोण कोण नागपूरला गेलं, त्यांची नावं दादाजी मास्तरांनी घरोघर फिरून गोळा केली होती. मग स्वतः कंप्युटर शिकून ती टाइप केली. छापायला मात्र कधी दिली नाहीत, कारण दर वर्षी त्यांना वाटायचं, अजून एक नाव राहिलंच. शेवटी मास्तरच गेले. त्यांच्या वह्यांना वाळवी लागली. वाळवीने बाराही गावं सारखीच खाल्ली, कोणावर अन्याय केला नाही.

"मले एकच नाव पाह्यजे," सुमनबाई म्हणाली. "माह्या लहान बहिणीचं. दीड वर्साची होती, मायच्या कडेवर बसून गेली नागपूरले. त्याच हिवाळ्यात वारली. आमी तिले लहानी म्हनो. मायनं तिचं खरं नाव पुन्हा कधी तोंडातून काढलंच नाही. मास्तर आले तवा तेवढं मायनं सांगतलं, पन मी त्या टायमाले धानाच्या रोवण्यावर गेलती. मंग मायबी गेली. मास्तर म्हने, छापली का वाचून दाखोतो."

"आणि आता?"

"यंदा सत्तर वर्सं होतात न. विहारात यादी वाचतीन. तिचं नाव आलं का म्या एकडाव हाक मारतो. बस."

प्रफुल्लने आधी शहाण्यासारखं केलं. हार्ड डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला जोडली आणि फाइलची प्रत घेतली. फाइल होती, पण आत नुसता चिन्हांचा चिखल. मास्तरांचं मराठी सॉफ्टवेअर ती कुलपात ठेवत होतं आणि कुलपाची चावी म्हणजे मशीनसोबत पिशवीत आलेली काडेपेटीएवढी एक डबी. डबीच्या एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला पंचवीस छिद्रं. वर चिठ्ठी होती: हे लॉक हरवल्यास सॉफ्टवेअर हरवले असे समजावे. कंपनी स्वतःच हरवून वीस वर्षं झाली होती, त्याबद्दल चिठ्ठी गप्प होती.

त्याने यूएसबीतून पॅरलल पोर्ट, म्हणजे तसलं पंचवीस पिनांचं जुनं तोंड, काढणारी वायर मागवली. लॉक तिच्यावर घट्ट बसलं. लॅपटॉपने ते प्रिंटर असल्याचं गृहीत धरलं आणि पुढे चौकशी केली नाही. असल्या वायरी फक्त प्रिंटरशी बोलतात, हे त्याला नंतर कळलं. म्हणजे मास्तरांचं मशीनच सुरू करणं भाग होतं.

डिस्क परत बसवून मशीन सुरू केलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: कीबोर्ड जोडलेला नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन बटन दाबा. प्रफुल्लने ती दोनदा वाचली. सरकारी कार्यालयात त्याचा असाच दाखला अडकला होता, त्यामुळे त्याला राग आला नाही.

मागे कीबोर्डचं गोल छिद्र होतं, अंगठ्याएवढं, पाच पिनांचं. त्याने यूएसबी कीबोर्ड घेतला, त्याला जांभळा अडॅप्टर लावला, त्यावर पाच पिनांवाला दुसरा अडॅप्टर. सगळं बसलं. चाललं काहीच नाही.

लाखनीच्या इश्वरभाऊला फोन लावला. इश्वरभाऊने एके काळी कंप्युटरचा क्लास चालवला होता, आता त्याच खोलीत तो क्लासचं भंगार सांभाळायचा.

"अबे, तो अडॅप्टर भाषांतर नाही करत," इश्वरभाऊ म्हणाला. "निस्ती तार इकडची तिकडं करते. कीबोर्डले स्वतःले जुनी बोली याव लागते. तुह्या आजच्या कीबोर्डले कुठं येते! माह्याजवळचा लहान गोल पिनवाला घेऊन जाय, सहा पिनांचा. त्याले पाचवाला अडॅप्टर लाव, चालते. पन मशीन बंद करून लावजो."

तो कीबोर्ड आणून लावला आणि चालला. प्रफुल्लला असा आनंद झाला की पुढचं त्याने कोणाला विचारलंच नाही.

मागे पंचविसाची दोन पोर्ट होती, एक छिद्रांचं, एक पिनांचं. छिद्रांच्या पोर्टमध्ये प्रिंटरची जुनी वायर होती, तिचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. पिनांचं पोर्ट रिकामं होतं. प्रफुल्लने लॉकची छिद्रांची बाजू त्यावर दाबली. ती चपखल बसली. त्याने मशीन सुरू केलं. लॉक सापडलं नाही, असं आलं. त्याने वाट पाहिली. पुन्हा सुरू केलं. जेवून आला. तोवर मशीन सुरूच होतं.

दुसऱ्या दिवशी इश्वरभाऊ स्वतः आला. मागे वाकून त्याने पाहिलं.

"हे कोणं लावलं?"

"मी. कावून?"

"पिनावालं पोर्ट सिरीयल असते रे. हे बाजूचं नऊ पिनांचं, ज्याले माऊस आहे, तेबी सिरीयलच. हा त्याचा मोठा भाऊ. पॅरलल म्हंजे छिद्रावालं. लॉक तिथं लावाचं, प्रिंटर लॉकच्या मागं."

"पण बसलं न भाऊ. पंचवीसच्या पंचवीस."

"बसते. पॅरललमंधी पाच व्होल्ट असते. सिरीयलच्या तारेवर उणे बारापर्यंत. चालू होतं किती वेळ?"

प्रफुल्लने सांगितलं.

इश्वरभाऊने मशीन बंद केलं, गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडून वायर काढली, लॉक योग्य जागी बसवलं. मशीन सुरू झालं. लॉक सापडलं नाही. काढून पुसून बसवलं. सापडलं नाही. आपल्या खोलीतल्या दुसऱ्या जुन्या मशीनवरही लावून पाहतो म्हणून लॉक घेऊन तो लाखनीला गेला. संध्याकाळी ते परत पाठवलं, कंडक्टरच्या हाती, कागदात गुंडाळून. फोनवर एवढंच म्हणाला, "मेलं रे बाबू."

गुरुवारी सुमनबाई आली. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली, म्हणजे नाव आज मिळणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

प्रफुल्लच्या डोक्यात नावं येऊन गेली. त्या काळातली, साधी, कोणत्याही दीड वर्षाच्या पोरीला शोभतील अशी. एक नाव सांगितलं असतं, तर ते तपासायला कोणीच उरलं नव्हतं. एक तर जिभेवर आलंच होतं.

"आजी," तो म्हणाला, "ते नाव वाचायची चावी माझ्या हातानं जळली. चुकीच्या जागी लावली मी."

सुमनबाई उठून मशीनच्या मागे गेली. "कोनत्या जागी लावाची होती?"

त्याने छिद्रांच्या पोर्टवर बोट ठेवलं.

"आन तू कोठं लावली?"

त्याने बाजूच्या पोर्टवर बोट ठेवलं. दोन्हींत चार बोटांचं अंतर होतं.

"सारकेच त दिसतात," ती म्हणाली. प्रफुल्लला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव मिटलं काय मंग?"

"मिटलं नाही. फाइल आतच आहे, माझ्याजवळ प्रतही आहे. उघडत नाही."

"म्हंजे ते अंदर आहे."

"आहे."

"लाव बरं मशीन."

त्याने लावलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, सॉफ्टवेअरने लॉक मागितलं आणि अक्षराच्या जागी एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. सुमनबाईने स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसली. अकराची बस गेली. साडेबाराचीही गेली. प्रफुल्लने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

एवढ्यात एक जण दुकानात शिरला. "भाऊ, मोबाईलची काच बदलाची होती, किती टाइम लागन?"

सुमनबाईने मागे न बघता हात वर केला.

"हळू बोल बापा," ती म्हणाली. "लेकरू आहे अंदर."