झाकण आणि ओळ

लोकांच्या बोलण्याला इस्त्री करायची सोसायटीच्या सेक्रेटरींना भारी हौस. हे विद्याधर सामंत ऑफिसातून रिटायर झाले, पण लाल पेन काही खिशातून गेलं नाही. कोणी ‘नाय’ म्हटलं की ते लगेच ‘नाही’ म्हणायचे. अंजनाबाईंना त्याचा फार राग. चाळीस वर्षं त्यांनी वेसाव्याच्या बाजारात पापलेट विकलं, आणि गिऱ्हाईकानं त्यांची भाषा सुधारली तर त्यालाच उलटं परत पाठवलं. आता याच सोसायटीत मुलाच्या फ्लॅटमध्ये तळमजल्यावर राहत होत्या, तरी जीभ तीच.

मे महिन्यात कमिटीनं ठरवलं, पावसाळ्यात पोरांना विजेच्या शॉकपासून जपायला गाण्यांचा बोर्ड लावायचा. गाणी कोण करणार? पोरं अंजनाबाईंचीच गाणी म्हणत उड्या मारतात, तर त्याच. बाई मनातून फुलल्या, तोंडानं म्हणाल्या, “मला कुठं लिवता येतं?” नात नमिता तिसरीतली, तिनं वहीत लिहून घेतलं:

दिव्याचा खांब, लांबूनच थांब.
पाण्यात वायर, पाऊल नाय पार.
चिकटला कोणी, शिवायचं नाय,
लांबूनच बोंब मार, मागं घे पाय.

नमितानं पाठ केलं, एक नक्कल सामंतांकडे दिली. आठवड्याभरात फ्लेक्स लागला, खाली मोठ्या अक्षरात ‘शब्द : अंजनाबाई’. नमिता वाचायला लागली आणि शेवटी अडखळली.

“आजी, हे आपलं नाय गं.”

शेवटच्या दोन ओळींच्या जागी होतं: ‘संकटी कोणी सापडता राव, विसरून भेद मदतीस धाव.’

अंजनाबाई तशाच चप्पल घालून सामंतांच्या दारात. सामंत शांतपणे म्हणाले, “बाई, ‘बोंब मार’ सोसायटीच्या गेटवर शोभत नाही. अर्थ तोच ठेवलाय.”

“तोच? धाव म्हणालात की पोरगं जवळ धावणार.”

“मुलं हुशार आहेत हो.”

त्यांनी दार लावलं. त्यांचा नातू केयूर, नऊ वर्षांचा, आतून तोच बोर्ड मोठ्यानं पाठ करत होता.

जुलैत दोन दिवस पाऊस थांबला नाही. बागेत घोट्यापर्यंत पाणी. तिथल्या एका खांबाच्या बुडाशी तारांच्या डबीचं झाकण मोडलं होतं, ते सुतळीनं बांधून ठेवलं होतं. नवीन झाकण ‘पुढच्या मीटिंगला’ बसायचं होतं. आभाळ काळं म्हणून दुपारीच बागेचे दिवे लावलेले. वॉचमन लवू गटाराची जाळी मोकळी करायला पाण्यात उतरला आणि वाकताना आधाराला त्यानं खांब धरला.

तो तसाच राहिला. हात सुटेना, तोंडातून आवाज निघेना.

पायरीवर नमिता आणि केयूर होते. केयूर धावला. नमितानं पाय मागे घेतला आणि अशी बोंब मारली की पाचव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

अंजनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. समोर लवू, त्याच्या हाताला केयूर, दोघंही थरथरतायत. एक क्षण त्यांचाही जीव पाण्याकडे ओढला. पण त्या वळल्या. पॅसेज कोरडा होता, मीटर-रूम तीन पायऱ्या वर. बागेच्या लाईनीचा स्विच लाल रंगवलेला, अक्षरं वाचायची गरजच नव्हती. खटका खाली केला.

पाण्यात दोघं कोसळल्याचा आवाज झाला.

केयूरचा तळवा जळला, पण श्वास चालू होता. लवूची छाती माणसं आळीपाळीनं दाबत राहिली, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. लवू उठला नाही.

मग सोसायटीत कुजबुज सुरू झाली. अडाणी बाईला लिहायला दिलं, तिनं पोराला धावायला शिकवलं. नाव बोर्डावर होतंच. सामंत ऐकत होते, ओळ आपली हे सांगत नव्हते. अंजनाबाई जिन्यात गेल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी मान खाली गेली नाही.

आठव्या दिवशी सामंत दारात उभे. दाढी वाढलेली, हातात कोरा कागद.

“तुमची जुनी ओळ द्या. तीच लावतो. आणि... पोलिसांचा माणूस परवा येतोय. ओळ मी बदलली हे एवढं बोलू नका. केयूरची शपथ घालतो.”

“केयूर कसा आहे?”

“रात्री उठतो. ‘लवूकाका सोडत नाही’ म्हणतो.”

अंजनाबाईंनी नमिताला हाक मारली. “वही आण गं. जुनं पान दाखव यांना.”

नमितानं वही उघडून धरली. ‘बोंब’ शब्दाखाली तिनं पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या. सामंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

“ओळ घेऊन जा,” अंजनाबाई म्हणाल्या. “तुमचा नातू ह्याच बोंबेनं वाचला. पण गप्प नाय बसायची मी, शपथ घाला नाय तर काही घाला. खांबाचं झाकण तुम्ही सुतळीनं बांधून ठेवलंत, सामंत, आणि दुरुस्त केलीत ती माझी ओळ.”