गोलात फिरलेली जुडी

“बाई, तुम्हाला कंटाळा नाही का हो येत? रोज तीच पोरं, तेच टोमॅटो, तेच गाणं?”

प्रश्न पैजेचा होता. खिडकीबाहेर दोन मैत्रिणी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या आणि आत भोंगा, कंबरेवर हात ठेवून, बालवाडीच्या बाईंच्या पुढ्यात. तिला अख्खी शाळा भोंगा म्हणायची. या वर्षी वक्तृत्वात तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि आपल्याला आवाज आहे, हे तिचं तिलाच कळलं. तेव्हापासून तो आवाज खाली येईना.

बाई गाजराची माती झटकत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“येतो की कधीकधी,” त्या म्हणाल्या. “उद्या पोरांचा गोल तू घे. दोघी मिळून कंटाळू.”

खिडकीबाहेरच्या दोघी पळाल्या. भोंगा अडकली.

नववीची परीक्षा झाली की मोठ्या मुलांनी आवारातल्या, सुट्टीतही चालणाऱ्या बालवाडीत काही दिवस हातभार लावायचा, अशी शाळेची पद्धत होती. भोंग्याचे ते दिवस संपतच आले होते. सोमवारी ती मावशीकडे निघणार होती, मोठ्या शहरात, दहावीच्या क्लासला. बॅग तर भरून दारामागे ठेवलीही होती. तिथले रस्त्यांवरचे उंच दिवे आणि मावशीची गच्ची तिला आत्तापासून दिसत होती.

“भाजीबाजार घ्यायचाय,” बाईंनी समजावलं. “तीन ओळखीच्या भाज्या, दोन नव्या. आधी गाणं, मग टोपली. एकेक भाजी हातोहात फिरव. हाताळू दे, हुंगू दे, मग विचार. शब्द मागून येतो, हात आधी जातो. शेवटी दुकान मांडायचं.”

पाचच भाज्या? भोंग्याला कीव आली. दुसऱ्या दिवशी ती अकरा घेऊन आली, धुऊन, पुसून, देठबिठं खुडून, अगदी चकाचक. बाईंनी टोपलीतून मिरच्या तेवढ्या काढून घेतल्या. “तिखट हात डोळ्यात जातात,” म्हणाल्या. सोललेले मटारही काढले. “हे नाकात जातात. शेंगाच राहू दे.”

सतरंजीवर पोरं गोल बसली. भोंग्यानं सूर लावला:

“बाजार भरला, बाजार भरला,
टोपलीत कोण गं लपलं?
हात घालून सांग ना जरा,
लांब की गोल ते कळलं?”

गाणं दणक्यात झालं. दाराशी झोपलेली मांजरसुद्धा उठून गेली. मग टोपली पुढं आली आणि भोंगा सुटली. “हे काय? वांगं. कसं आहे? गुळगुळीत. रंग कुठला? जांभळा. हे काय? दोडका. कसा आहे? खरखरीत.” विचारायचं तिनं आणि सांगायचंही तिनंच. मध्ये जरा शांतता झाली की तिचा जीव वरखाली व्हायचा. सातव्या भाजीपर्यंत एक पोरगी आडवी झाली होती आणि दोघं एकमेकांच्या मोज्यातले धागे ओढत होते.

तेव्हा कोथिंबीर टोप्याकडे पोचली.

टोप्या म्हणजे डोक्यावरची लोकरीची टोपी उन्हाळ्यातही न काढणारा चार वर्षांचा मुलगा. त्याची आई लांबच्या गावी नोकरीला गेली होती आणि आजी त्याला आणून सोडायची. घरी बोलायचा म्हणे. इथं मात्र दाराकडे तोंड करून बसायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही.

त्यानं जुडी नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली.

“आई,” तो म्हणाला.

“नाही रे राजा, कोथिंबीर,” भोंगा म्हणाली आणि जुडी पुढच्याकडे सरकवली.

टोप्यानं हात मांडीखाली घातले. मग दुकान मांडलं, तागडी आली, कागदाच्या पिशव्या आल्या, गिऱ्हाइकं भांडली, पण तो जागचा हलला नाही.

पोरं गेल्यावर बाई सतरंजी झटकत होत्या. भोंग्यानं दुसरं टोक धरलं.

“बाई, टोप्या बोलला आज.”

“ऐकलं मी. वर्ष होत आलं वाट बघतेय.” बाईंनी सतरंजीची घडी घातली. “आणि तू त्याला चूक ठरवलंस.”

रागावल्या असत्या तर भोंग्यानं दोन उत्तरं दिली असती. पण त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. भोंग्यानं घडी कोपऱ्यात नेऊन ठेवली.

“उद्या परत घेऊ का मी? शेवटचा दिवस आहे माझा.”

“घे. विचारून झालं की जीभ दातात धर. अगदी नकोसं होईपर्यंत थांब.”

शनिवारी टोपलीत पाचच भाज्या होत्या आणि कोथिंबीर मुळांसकट, मातीसकट. गाणं झालं. दोडका फिरला. भोंग्यानं विचारलं, “कसा लागतोय हाताला?” आणि ती गप्प बसली. असलं अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. शब्द ओठांवर येऊन धडका मारत होते. मोज्यातले धागे ओढणाऱ्या पोरानं दोडका गालावर घासला आणि म्हणाला, “बाबांच्या दाढीसारखा.” सगळी हसली. मग “खरखरीत” हा शब्द बाईंनी हळूच सोडला आणि पोरांनी तो झेलला.

जुडी टोप्याकडे आली. त्यानं घेतली, पण नाकाशी नेली नाही. भोंग्याकडे बघत राहिला. भोंगाही थांबली. बाहेर कुणीतरी सायकल लावली, बादली सरकवली. एका पोरीनं जुडीकडे हात केला, तर बाईंनी तो अलगद आपल्या हातात घेतला.

मग टोप्यानं हुंगलं.

“आईचा हात,” तो म्हणाला.

भोंग्यानं जीभ दातात धरली होती, ती आता सोडली. “आई काय करायची हिचं?”

“निवडायची. मी काड्या वेगळ्या ठेवायचो.”

“कशा असायच्या काड्या?”

“ओल्या.” जरा थांबून त्यानं एक काडी मोडली. “अशा वाजतात.”

सगळ्यांना वाजवून बघायची होती. काड्या वाटल्या, मोडल्या, कानाशी धरल्या. बाईंनी काडीला “देठ” हा नवा शब्द दिला आणि टोप्याच तो शेजारणीला समजावू लागला: पान वर, देठ खाली, मूळ मातीत.

दुकान मांडलं तेव्हा तो आपणहून स्टुलामागे जाऊन बसला. टोमॅटो विकले, गाजरं विकली. कोथिंबिरीचा थोडा भाग मात्र त्यानं मांडीवर ठेवला.

“ही केवढ्याला, मालक?” भोंग्यानं विचारलं.

“ही विकायची नाही. ही ठेवलीये.”

कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही.

जायच्या वेळी आजी दारात आली. टोप्यानं भोंग्याचा झगा ओढला. “तू परत येशील?”

“येईन” हा शब्द तिच्या तोंडात तयारच होता. तिला कधी शब्द कमी पडले होते?

“आईपण येते म्हणाली,” टोप्या म्हणाला.

तो शब्द तिच्या तोंडातच राहिला. आजीचं बोट धरून तो फाटकापर्यंत गेला. मागे वळून बघत होता, उत्तर मिळालं नव्हतं ना. रिकाम्या सतरंजीवर देठांचे तुकडे पडले होते. भोंगा ते वेचत बसली. हाताला वास लागला. एरवी शिट्टी मारत जायची ती घरची वाट आज ती तो हात नाकाशी धरून चालली. मोठं शहर, गच्ची, दिवे सगळं होतं तिथंच होतं, पण तिला आठवण येत होती ती एका वर्गखोलीची, आणि ती तर अजून सुटलीही नव्हती.

जेवताना बाबा गाडीची वेळ सांगत होते. आई म्हणत होती, “मावशीसमोर जरा हळू बोल बाई, तिचे शेजारी नाजूक आहेत.”

“आई, बाबा,” भोंगा म्हणाली. इतक्या हळू, की दोघांचे घास हातातच राहिले. “मी सोमवारी मावशीकडे जाणार नाहीये. क्लास इथलाच लावा, दुपारचा. सकाळी मी बालवाडीत असेन. सुट्टी संपेपर्यंत, रोज.”