हळू न लागणारा सा

पंचवटीत जयराम मास्तरांच्या गाण्याच्या क्लासाला एकच नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला मास्तर दारातून परत पाठवत. गळा तापवल्याशिवाय गायचं नाही. पहाटे साडेपाचला सतरंजीवर बसायचं, आधी ओठ मिटून नुसता गुंजारव, मग खर्ज, मग एकेक सूर चढत पंचमापर्यंत, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कुठे वरचा सा. "थंड गाडी चढावर घातली की इंजिन जातं," असं ते सांगत. कुणाला सर्दी झाली तर मिठाच्या गुळण्या, वाफ, कोमट पाणी आणि गप्प बसणं. खाकरायचं नाही, कारण खाकरण्याने घसा साफ होत नाही, सोलला जातो. हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला अज्ञानाचा आडोसा मिळाला नाही.

नव्व्याण्णव साल होतं. शहरातल्या द्वारका चौकाजवळ एक नवा क्लास निघाला होता, तिथे कीबोर्डवर सहा महिन्यांत गाणं बसवून देत. मास्तरांची मुलं एकेक करून तिकडे सरकत होती. तीन वर्षांत जिल्ह्याच्या सुगम गायन स्पर्धेत त्यांच्या क्लासाला बक्षीस नव्हतं. यंदा मात्र हर्षाली होती. मखमलाबादच्या पुंजारामची मुलगी, बारावीतली. घरची शेती फुलांची. पहाटे झेंडू तोडून झाल्यावर ती सायकलने क्लासाला यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी सतरंजीवर असायची. तिचा वरचा सा लागला की मास्तरांना आपलं आयुष्य फुकट गेलं नाही असं वाटे. तसं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. शिष्याला चढवू नये, हाही त्यांचा एक नियम होता.

स्पर्धा रविवारी. हर्षाली बुधवारी आली ती नाक लाल घेऊन. संक्रांतीनंतरची थंडी, त्यात पहाटे दवाने भिजलेल्या वाफ्यात उभं राहणं. मास्तरांनी तिला वाफ सांगितली, गुळण्या सांगितल्या. मग खर्ज म्हणायला लावला, आणि काय सांगावं, खर्ज असा लागला की मास्तर पेटीवरचा हात थांबवून ऐकत राहिले. एरवी पोरीचा खालचा सूर बारीक असे, आज मात्र भरदार आणि घुमणारा येत होता. "बघा, रियाज असा फळतो," मास्तर बाकीच्या मुलांना म्हणाले. सुजलेला गळा खाली जड आणि खोल लागतो, ही साधी गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण त्या दिवशी त्यांना सूज ऐकायची नव्हती, बक्षीस ऐकायचं होतं.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर हर्षाली मागे थांबली.

"सर, एक विचारू? वरचा सा हळू म्हटला की येतच नाही. नुसती हवा जाते. जोरात म्हटला की मग येतो."

मास्तर पेटीचा भाता बांधत होते. त्यांच्या गुरूंनी चाळीस वर्षांपूर्वी त्यांना जे पहिल्या महिन्यात शिकवलं ते हेच होतं. वरचा सूर हळू लागेना म्हणजे आत सूज आहे, पेटी बंद कर आणि घरी जा. ते वाक्य त्यांच्या कानात त्या क्षणी अगदी स्वच्छ वाजलं. त्यांनी त्याच्याकडे कानाडोळा केला.

"मग जोरात म्हण," ते म्हणाले.

"पट्टी उतरवायची का? काळी पाचऐवजी काळी चार?"

"दोन महिने एका पट्टीत बसवलंय. आता उतरवली तर परीक्षकांना लगेच कळेल. स्पर्धा आहे, अंगाई नाही."

तिने मान डोलावली. मास्तरांचा शब्द तिच्या लेखी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा होता, आणि मास्तरांना ते माहीत होतं.

रविवारी सभागृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत, वारा सुटलेला असताना, त्यांनी तिला दीड तास गायला लावलं. पंचवीस मिनिटांत तापणारा गळा दीड तासात दमतो, हेही तेच शिकवायचे. पण वरचा सा मध्येच दगा देत होता, आणि तो पक्का बसेपर्यंत त्यांना चैन नव्हतं. सहाव्या-सातव्या वेळी हर्षालीने गळ्यावर हात ठेवला. मास्तरांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "अजून एकदा."

मंचावर पहिलं कडवं सुंदर झालं. दुसऱ्या कडव्यात वरचा सा आला, तिने अंगातलं सगळं बळ लावलं, आणि आवाज तुटला. फाटला नाही, घसरला नाही, तुटलाच. तिचं तोंड उघडं होतं, तबला दोन आवर्तनं तसाच चालत राहिला, आणि तिच्या गळ्यातून काही म्हणजे काही निघेना. शेवटी ती नमस्कार करून खाली उतरली. पहिल्या रांगेतला नव्या क्लासाचा माणूस "अरेरे" म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण मास्तरांना तो जन्मभराचा वैरी वाटला.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी लांब दांडीचा आरसा घशात धरून पाहिलं. एका स्वरतंतूवरची बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साकळलं होतं. पंधरा दिवस पूर्ण मौन. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, आणि कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानेही सुजलेल्या तंतूंवर ताण येतो. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं. रक्त जिरलं तर आवाज परत येईल. व्रण राहिला तर गाणं संपलं.

मास्तरांना हे पुंजारामकडून कळलं. तो मंगळवारी क्लासावर आला, चपला बाहेर काढल्या, आणि फ्लॉवरचा एक भलामोठा गड्डा नि झेंडूची जुडी सतरंजीच्या कडेला ठेवली.

"माफी मागाया आलो, मास्तर," तो म्हणाला. "पोरीनं तुमचं नाव घालवलं."

"म्हणजे?"

"चिंचा खाल्ल्या तिनं. सर्दीत. डॉक्टरनं इचारलं, काय खाल्लं होतं का, तर पाटीवर लिहून दिलं. तुम्ही येवढं जीव तोडून शिकवलं, आन् हिनं बांधावरच्या चिंचा खाल्ल्या. लय बोललो मी तिला."

हर्षाली चिंच खात नसे. क्लासातल्या पोरी मधल्या सुट्टीत चिंच-बोरं चघळत तेव्हा ती तोंड फिरवून बसे, कारण मास्तरांनी एकदा आंबट खाऊ नका म्हटलं होतं. त्यांना लख्ख कळलं की पोरीने ते पाटीवर कुणासाठी लिहिलं. आता बोलायला हवं होतं. समोर माणूस हात जोडून उभा होता आणि दोन वाक्यांचं काम होतं.

"होतं असं," जयराम मास्तर म्हणाले. "वयच तसं असतं."

आणि त्यांनी फ्लॉवर घरात नेला. रात्री त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, त्याची भाजी केली. मास्तरांना घास गिळवेना. "घसा दुखतोय का?" असं वत्सलाबाईंनी विचारलं तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इथवर थांबले असते तरी माणसाला क्षमा असते. पण लाज झाकायला माणूस आणखी लाजिरवाणं काहीतरी करतो. पुढच्या आठवड्यात पोरांनी हर्षालीबद्दल विचारलं, तेव्हा मास्तरांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "पथ्य पाळलं नाही की असं होतं. सर्दीत चिंच. मी हजारदा सांगतो," ते म्हणाले, आणि वर नजर गेली तर दारात हर्षाली उभी. गाता येत नसलं तरी ऐकायला म्हणून आली होती, गळ्याला मफलर, हातात पाटी. पोरं वळून तिच्याकडे बघायला लागली. ती मागच्या कोपऱ्यात बसली आणि तासभर मान खाली घालून राहिली. पाटीवर तिने एक अक्षर लिहिलं नाही. त्या तासात मास्तर तीनदा बेसूर गेले.

त्यानंतर त्यांनी स्वतःला खूप समजावलं. आता सांगून काय होणार, पोरीचा गळा बरा व्हायचा तो होईलच, क्लास बंद पडला तर खायचं काय. सगळी कारणं रास्त होती. पहाटे खर्जाला बसलं की मात्र ती पोकळ वाटत.

पंधराव्या दिवशी तपासणी होती. "तुम्ही संगती आले तर डॉक्टरचं गाण्याचं बोलणं आमाला समजंल," असा पुंजारामने निरोप धाडला होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं. छोट्या खोलीत तिघे बसले. बाईंनी आरसा घालून पाहिलं, मग हर्षालीला "ई" म्हणायला सांगितलं. पंधरा दिवसांनी पहिला सूर निघाला, बारीक, थोडा धुरकट, पण सूर.

"रक्त जिरलंय," बाई म्हणाल्या. "व्रण दिसत नाही. महिनाभर गाणं नाही, आज पाच मिनिटं बोलायचं, रोज थोडं थोडं वाढवायचं. पण एक सांग मला. हे चिंचेने होत नाही. चिंच खाल्ली तर फार तर घसा खवखवेल. सुजलेल्या गळ्यावर जोर लावला की होतं हे. आधी काही जाणवलं नव्हतं? वरचे सूर हळू लागत नव्हते का?"

हर्षालीने वडिलांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"कुणाला सांगितलं नव्हतंस?"

पुन्हा तीच मान. नाही. सांगायचंच काय, काही जाणवलंच नाही. इतकं शांतपणे ती खोटं बोलत होती की मास्तरांना वाटलं, हे आपणच हिला शिकवलं असणार. जिथे भाव दाखवायचा नसतो, तिथे तो सुरात दिसू द्यायचा नाही.

"मला सांगितलं होतं," जयराम मास्तर म्हणाले.

बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला.

"शुक्रवारी. सूर हळू लागत नाही म्हणाली. मला माहीत होतं त्याचा अर्थ काय. मी म्हटलं, जोरात म्हण. पट्टी उतरवू का म्हणाली, त्यालाही मी नाही म्हटलं. मग रविवारी दीड तास गायला लावलं. चिंच बिंच काही नाही. ती चिंच खात नाही." त्यांचा आवाज घोगरा झाला, आणि खाकरावंसं वाटूनही ते खाकरले नाहीत. "पुंजाराम, तुम्ही त्या दिवशी माफी मागायला आलात, तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पोरांतही हिचंच नाव सांगितलं."

पुंजाराम रागावेल, निदान चार शब्द सुनावेल, याची मास्तर वाट पाहत होते. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पुंजारामने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो मास्तरांकडे नाही, पोरीकडे बघत राहिला.

"पंधरा दिस," तो सावकाश म्हणाला. "उठता-बसता बोललो मी हिला. जिभेची चटोर हाय म्हनलं, आईबापाचं नाव बुडवलं म्हनलं, पावन्यारावळ्यांसमोर म्हनलं. आन् मास्तर, हिला तर तोंडातून शब्द काढायची बंदी होती."

हर्षालीला पाच मिनिटं बोलायची परवानगी होती. ती बोलली नाही. वडिलांच्या मांडीवरची टोपी उचलून तिने त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांचा हात धरून बाहेर गेली. जयराम मास्तर तिथेच बसून राहिले. पुढच्या पेशंटला आत पाठवायचं म्हणून बाईंना त्यांना दोनदा उठा म्हणावं लागलं.